पगारापासून मागे मोजलेल्या तारखा

मार्च सरला की खासगी कंपन्यांमध्ये एचआर विभागाकडून सगळ्या मॅनेजरांना एक ईमेल जातो. अप्रेझल सुरू झालं आहे, अमुक तारखेपर्यंत फॉर्म भरा, उशीर केलात तर प्रकरण वर जाईल, असा त्याचा एकंदर मजकूर असतो. तुम्ही मॅनेजर असाल तर तो तुम्हाला आलेला असतो. नसाल तर तुमच्या साहेबांना आलेला असतो, आणि तुमची पगारवाढ वेळेवर होणार की नाही हे बरंचसं त्या एका ईमेलवर ठरतं. तो नीट लिहिला नाही तर त्याचा फटका लिहिणाऱ्याला बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही बसत नाही. तो बसतो खालच्या माणसाला, ज्याने हा ईमेल पाहिलेलाच नसतो. म्हणून तो कसा लिहावा याकडे जरा बारकाईने पाहू.

उदाहरणासाठी चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातली, वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. माणसं ४२०, त्यांचं मूल्यमापन करणारे मॅनेजर ३८. कामाचं वर्ष एप्रिल ते मार्च. पगारवाढ १ एप्रिल २०२६ पासून लागू, पण प्रत्यक्ष हातात पडणार मे महिन्याच्या पगारात, एप्रिलच्या फरकासह. एखाद्याचा पगार ३२,००० रुपये असेल आणि वाढ २,८८० रुपयांची असेल, तर मेच्या पगारात त्याला ५,७६० रुपये जास्त दिसायला हवेत. ३० आणि ३१ मे हे शनिवार-रविवार आहेत, म्हणजे पगार शुक्रवारी, २९ मेला होणार.

वेळापत्रक मांडायला इथूनच सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं. २९ मेला पगार द्यायचा तर पेरोलवाल्यांना वाढीचे आकडे २० मेला मिळायला हवेत. त्यानंतर आलेला आकडा पुढच्या महिन्यात जातो. २० मेला आकडे द्यायचे तर वरिष्ठ व्यवस्थापनाची आणि फायनान्सची मंजुरी १५ मेपर्यंत हवी. मंजुरीसाठी यादी तयार करायची तर त्याआधी सगळ्या विभागप्रमुखांनी एकत्र बसून रेटिंग्ज ताडून पाहायला हवीत. याला कंपन्यांमध्ये नॉर्मलायझेशन म्हणतात. एका विभागाच्या साहेबाने सगळ्यांना पाचपैकी पाच दिलेले असतात, दुसऱ्याने कुणालाच तीनच्या वर नेलेलं नसतं. दोघांचे मापदंड एका पातळीवर आणायला ही बैठक असते. ती ६ आणि ७ मेला धरू. त्याआधी मॅनेजरने लिहिलेलं त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने, म्हणजे रिव्ह्यूअरने वाचलेलं असायला हवं. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून ते ३० एप्रिलपर्यंत. मॅनेजरचं स्वतःचं मूल्यमापन २४ एप्रिलपर्यंत. आणि १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे म्हणून कर्मचाऱ्यांचं स्वयंमूल्यमापन १३ तारखेला संपलेलं बरं. ते सुरू करायचं तर ईमेल सोमवारी, ६ एप्रिलला सकाळी जायला हवा.

पुष्कळ ठिकाणी हे उलटं होतं. आज ईमेल पाठवू, पंधरा दिवस देऊ, मग बघू, असं पुढे मोजत जातात. मग नॉर्मलायझेशनची बैठक आणि पेरोलची तारीख एकमेकांच्या अंगावर येतात आणि मंजुरीसाठी एक दिवसही उरत नाही. मागून मोजलं की प्रत्येक तारखेला कारण मिळतं. २४ एप्रिलच का, असं कुणी विचारलं तर सांगता येतं. ज्या तारखेचं कारण सांगता येत नाही ती तारीख मॅनेजर ऐच्छिक समजतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट असते ती म्हणजे रजा. शाळांच्या परीक्षा संपलेल्या असतात, लग्नसराई सुरू असते. त्यामुळे मुख्य ईमेलच्या दोनेक आठवडे आधी चार ओळींचा एक छोटा ईमेल पाठवावा: १५ ते ३० एप्रिलदरम्यान तुम्ही कुठल्या दिवशी नसाल ते कळवा. सलग आठवडाभर गावी जाणाऱ्या मॅनेजरला त्याचं काम आधी उरकायला सांगता येतं, किंवा त्याच्या टीमकडून स्वयंमूल्यमापन लवकर घेता येतं. हे आधी विचारलं नाही तर २७ एप्रिलला फोन लागत नाही आणि तिथून पुढची धावाधाव सुरू होते.

तारखांइकंच महत्त्वाचं म्हणजे त्या तारखांच्या आत काम मावतं का हे मोजणं. ज्या मॅनेजरकडे १४ माणसं आहेत त्याचा हिशोब करू. एका माणसाचा फॉर्म नीट वाचून लिहायला अर्धा तास आणि त्या माणसाशी समोरासमोर बोलायला पाऊण तास, म्हणजे माणशी सव्वा तास. १४ जणांचे साडेसतरा तास. १५ ते २४ एप्रिल यांत शनिवार-रविवार सोडून कामाचे आठ दिवस येतात. म्हणजे रोज दोन तासांहून थोडं जास्त. रोजचं काम सांभाळून हे जमतं. पण शॉपफ्लोअरवर एखाद्या मॅनेजरकडे ३० माणसं असतात. त्याचे साडेसदतीस तास होतात, म्हणजे रोज साडेचार तासांहून जास्त. हे जमणार नाही, आणि जमणार नाही हे ईमेल लिहिणाऱ्याला आधीच माहीत असायला हवं. अशा ठिकाणी शिफ्ट सुपरवायझरकडे पहिला मसुदा द्यावा लागतो किंवा त्या विभागाची खिडकी आठवडाभर आधी उघडावी लागते. हा हिशोब न करता सगळ्यांना एकच तारीख दिली की ३० माणसांचा मॅनेजर शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना तेच वाक्य चिकटवून मोकळा होतो.

आता प्रत्यक्ष ईमेल. माझ्या मते तो असा असावा:

विषय: अप्रेझल २०२५-२६ : तुमच्या टीमचं मूल्यमापन शुक्रवार, २४ एप्रिल, संध्याकाळी ६ पर्यंत

नमस्कार,

आपल्या सगळ्यांच्या टीमची पगारवाढ २९ मेच्या पगारात यायची आहे. त्यासाठी तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

सोमवार, १३ एप्रिलपर्यंत तुमच्या टीममधल्या प्रत्येकाने पोर्टलवर स्वयंमूल्यमापन भरलं आहे ना, ते पाहा. ज्यांच्याकडे कंपनीचा ईमेल नाही त्यांच्यासाठी टाइम ऑफिसशेजारी दोन संगणक ठेवले आहेत.

बुधवार, १५ ते शुक्रवार, २४ एप्रिलदरम्यान प्रत्येकाशी बोला, मग रेटिंग आणि किमान दोन ठोस उदाहरणं लिहून फॉर्म पाठवा. या बोलण्यात रेटिंगचा आकडा सांगू नका. ७ मेच्या बैठकीनंतर तो बदलू शकतो.

२५ आणि २६ मेला पत्रं तुमच्या हस्ते द्या आणि अंतिम रेटिंग समजावून सांगा.

२४ तारखेनंतर काय होईल: सोमवार, २७ एप्रिलला सकाळी एचआरकडून तुम्हाला फोन येईल. मंगळवार, २८ ला तुमच्या विभागप्रमुखांना उरलेल्या फॉर्मची संख्या कळवली जाईल. बुधवार, २९ ला दुपारी १२ वाजता तुमचा फॉर्म बंद होईल आणि त्या माणसांचं मूल्यमापन तुमचे रिव्ह्यूअर करतील. टीममधल्या कुणाचंही रेटिंग किंवा पगारवाढ तुमच्या उशिरामुळे कमी होणार नाही.

अडचण येणार असेल तर १७ एप्रिलपर्यंत कळवा. त्या तारखेपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते, नंतर नाही.

ईमेल इथे संपतो. खाली एचआरमधल्या एका माणसाचं नाव आणि फोन नंबर. 'एचआर टीम' एवढीच सही असेल तर अडलेला मॅनेजर कुणालाच फोन करत नाही.

यातली एक ओळ वाचकांच्या लक्षात आली असेल: बोलण्यात रेटिंगचा आकडा सांगू नका. ही सूचना विसरली की होणारा घोटाळा फार वाईट असतो. मॅनेजर प्रेमाने सांगून बसतो, 'तुला पाच दिलेत.' नॉर्मलायझेशनमध्ये ते चार होतात. पत्र हातात पडल्यावर त्या माणसाला वाटतं की कुणीतरी आपला एक गुण काढून घेतला. खरं तर तो कधी त्याचा झालेलाच नसतो. त्यानंतर मॅनेजर म्हणतो, 'मी दिले होते, वरून कापले.' हे वाक्य एकदा बोललं गेलं की पुढच्या वर्षी त्या टीममध्ये अप्रेझलवर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून ती सूचना जोडलेल्या पीडीएफमध्ये नको, ईमेलच्या मजकुरातच हवी.

'दोन ठोस उदाहरणं' ही मागणीही सहज घातलेली नाही. 'काम चांगलं आहे, सुधारणेला वाव आहे' या वाक्यावरून नॉर्मलायझेशनच्या बैठकीत काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी 'लाइन ३ वरचं रिजेक्शन दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्यावर आणलं, मात्र ब्रेकडाऊन रजिस्टर चार महिने अपुरं ठेवलं' असं लिहिलं की ज्या विभागप्रमुखाने त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही त्यालाही चार आणि तीन यांतला फरक कळतो. मुख्य म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला पुढच्या वर्षी काय करायचं ते कळतं.

आता एस्कलेशनकडे येऊ. अडलेलं काम एकेक पायरी वर नेण्याला ऑफिसात हा शब्द रूढ आहे आणि मॅनेजर त्याला तक्रार समजतात. तो गैरसमज घालवायचा एकच मार्ग आहे: पायऱ्या आधी, पहिल्याच ईमेलमध्ये, तारीख-वेळेसह सांगणं आणि त्या सगळ्यांना सारख्याच लागू करणं. २८ तारखेला विभागप्रमुखांना कळवणार असं ६ तारखेलाच लिहिलेलं असेल तर कळवल्यावर कुणाला राग येत नाही. न सांगता अचानक कळवलं तर तो अपमान होतो. आणि ज्यांचं काम राहिलंय अशा सगळ्या मॅनेजरांची यादी सर्वांना एकाच ईमेलमध्ये पाठवणं तर कधीच करू नये. ज्याचे दोन फॉर्म राहिले आणि ज्याचे चौदा राहिले ते दोघेही त्या यादीत सारखेच दिसतात, आणि पहिला माणूस पुढच्या वर्षी तुमचा ईमेल मनापासून वाचत नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या उरलेल्या नावांची यादी पाठवावी, विभागप्रमुखाला फक्त त्याच्या विभागाची.

वर नेण्याची गरज का पडते तेही ईमेलमध्ये एका वाक्यात असावं. एका मॅनेजरचे १४ फॉर्म राहिले तर थांबतात फक्त १४ जण, असं वाटतं. तसं नसतं. त्या विभागाची रेटिंग्ज अपुरी राहिली की ६ मेच्या बैठकीत त्या विभागाची तुलना इतरांशी करता येत नाही. ती झाली नाही की पगारवाढीची एकूण रक्कम ठरत नाही, आणि फायनान्सवाले अर्धवट यादीवर सही करत नाहीत. मग ४२० जणांचे ५,७६० रुपये किंवा जे काही असतील ते, जूनवर जातात.

पोर्टल चालत नाही, पासवर्ड विसरला, बदलून गेलेला माणूस अजून जुन्याच मॅनेजरच्या नावावर दिसतो, या अडचणी मात्र वर न्यायच्या नसतात. त्यांना वेगळा फोन नंबर द्यावा. तांत्रिक अडचण आणि दिरंगाई एकाच खात्यात मोजली की प्रामाणिक माणूस दुखावतो आणि चालढकल करणाऱ्याला सबब मिळते.

मुदत संपायची वाट न पाहता बिघाड ओळखता येतो. आठ दिवसांच्या खिडकीत चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, २० एप्रिलला संध्याकाळी पोर्टलवर किती फॉर्म आले ते पाहावं. १४ पैकी एकही आलेला नसेल तर तो मॅनेजर शेवटच्या दिवशी बसणार हे नक्की. त्या दिवशी केलेला एक फोन २८ तारखेच्या ईमेलपेक्षा जास्त कामाचा असतो. दुसरी खूण वेळेची. १४ फॉर्म अर्ध्या तासात आले असतील आणि सगळ्यांत एकच वाक्य असेल, तर मुदत पाळली गेली पण काम झालेलं नाही. असे फॉर्म रिव्ह्यूअरने परत पाठवायला हवेत. रिव्ह्यूअरला ३० एप्रिलपर्यंत वेळ दिलेला असतो तो याचसाठी.

सरकारी नोकरीतल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण त्यांच्याकडे हीच पायऱ्यांची व्यवस्था नियम म्हणून आहे. ती बरीच कडक झाली ती २००८-०९ च्या सुमारास. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी मात्र पाच वर्षं सलग 'अतिशय चांगला' हवा होता. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही, आणि त्याच शेऱ्यापायी बढती हुकली. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला वाजवी मुदतीत कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झालेले होते.

पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने आदेश काढले. गोपनीय अहवालाचं नाव बदलून वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल झालं, तो संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचं ठरलं, आणि तो पाहिल्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस मिळाले. स्वयंमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत आणि प्रतिवेदन अधिकाऱ्याचं लिखाण ३० जूनपर्यंत, अशा तारखा बांधल्या गेल्या. यातली सगळ्यांत महत्त्वाची तरतूद अशी की प्रतिवेदन अधिकाऱ्याने ३० जूनपर्यंत लिहिलं नाही तर त्याचा लिहिण्याचा अधिकारच संपतो आणि कोरा अहवाल वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्यानेही आपली मुदत गमावली तर कर्मचाऱ्याचं स्वयंमूल्यमापन तसंच फाइलला लागतं.

खासगी कंपन्यांनी सरकारकडून घ्यावी अशी ही एक गोष्ट आहे. उशिराची किंमत उशीर करणाऱ्याने मोजावी, आणि त्याच्याकडून काय जाईल तर मत देण्याचा हक्क. वरच्या ईमेलमधली २९ एप्रिल दुपारी १२ ची ओळ याच तत्त्वावर उभी आहे. याउलट काही कंपन्यांत मुदतीत फॉर्म न आलेल्या माणसाला पोर्टल आपोआप तीन, म्हणजे 'सरासरी' देऊन टाकतं. हे मला पूर्णपणे अन्यायाचं वाटतं. चूक साहेबाची आणि वाढ कापली जाते कामगाराची, आणि ती का कापली गेली हे त्याला कुणी सांगतही नाही.

प्रत्येक फॉर्म एकाच साच्यात बसत नाही, आणि अपवादांचा निकाल ईमेल पाठवण्याआधी लागलेला बरा. वर्षाच्या मध्यात एका विभागातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाबद्दल जुन्या मॅनेजरकडून दोन परिच्छेद मागवून घ्यावेत. केंद्र सरकारच्या नियमात तर किमान तीन महिने काम पाहिल्याशिवाय कुणाचा अहवाल लिहिता येत नाही. प्रसूतिरजेवर असलेल्या महिलेचं मूल्यमापन तिने काम केलेल्या महिन्यांचं व्हावं. रजेचे महिने कामगिरीत उणे धरू नयेत, हे मॅनेजरला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, कारण फॉर्ममध्ये वार्षिक उद्दिष्ट बारा महिन्यांचं छापलेलं असतं आणि हात आपोआप कमी आकडा लिहितो.

शेवटी पत्र हातात पडल्यानंतरचं एस्कलेशन. हे मॅनेजरच्या उशिराचं नाही, कर्मचाऱ्याच्या हरकतीचं आहे, आणि नेमकं तेच बहुतेक ईमेलमधून गळून जातं. ज्याला रेटिंग पटलेलं नाही त्याने काय करायचं? माझ्या मते मुदत सात दिवसांची असावी: २ जूनपर्यंत त्याने लेखी कळवावं, रिव्ह्यूअर आणि एचआर यांनी मिळून १२ जूनपर्यंत उत्तर द्यावं, आणि उत्तर लेखी असावं. ज्या मॅनेजरने रेटिंग दिलं त्याच्याच हाती तो अर्ज ठेवू नये. हरकत मान्य झाली तर राहिलेला फरक जूनच्या पगारात, मंगळवारी, ३० जूनला, एप्रिलपासून मोजून मिळायला हवा. मॅनेजर मंडळींना विनंती आहे की तुम्हाला येणाऱ्या ईमेलमध्ये ही तारीख दिसली नाही तर एचआरला उलट ईमेल पाठवून ती मागून घ्या आणि २५ मेला पत्र देताना तुमच्या माणसाला सांगा.